शेवटच्या स्लाईडवर रेफरन्सेस दिले, तरी परीक्षक म्हणाले 'कॉपी'

*मॅडम, मी एमएस्सी एन्व्हायर्नमेंटल सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या चौघांच्या ग्रुपने भूजलातलं फ्लोराइड या विषयावर सेमिनारचा पीपीटी आणि पोस्टर केलं. पीपीटी सिनियरच्या पीपीटीवरून बनवला, दातांचे फोटो गूगलवरून घेतले, नलगोंडा पद्धतीची आकृती एका पेपरमधून घेतली, टेम्प्लेट नेटवरून. शेवटच्या स्लाईडवर सगळे रेफरन्सेस दिले होते. तरी परीक्षक म्हणाले की हे सगळं कॉपी आहे, यात तुमचं काय आहे? आणि मार्क कापले. आम्ही खरं तर गावातल्या बोअरचं पाणी स्वतः तपासलंय पण ते कुणाला दिसलंच नाही. मैत्रीण म्हणते यूजीसीच्या नियमाने 10 टक्के कॉपी चालते. पुढच्या महिन्यात तेच पोस्टर डिपार्टमेंटच्या स्पर्धेत लावायचंय. क्रेडिट नक्की कसं द्यायचं? – एक विद्यार्थिनी, नांदेड*

अगं, तुझ्या पत्रात उत्तराचा अर्धा भाग तूच लिहून ठेवलायस. बोअरचं पाणी तुम्ही तपासलंत आणि ते दिसलं नाही, का दिसलं नाही? कारण तुमच्या आलेखाच्या शेजारी दुसऱ्याची आकृती होती, तिच्याशेजारी गूगलवरचा फोटो होता, आणि तिन्हीच्या खाली एक शब्दही लिहिलेला नव्हता. बघणाऱ्या माणसाला यातलं तुमचं कुठलं आणि आणलेलं कुठलं हे कळायला काही मार्गच नाही, मग तो एक आकृती ओळखतो, ही तर मी कुठेतरी पाहिलीय म्हणतो, आणि तिथून पुढे सगळंच आणलेलं धरून चालतो. मी पोस्टरच्या परीक्षणाला बसते तेव्हा माझंही असंच होतं हे मोकळेपणाने सांगते.

शेवटच्या स्लाईडवरच्या यादीचा इथे उपयोग होत नाही. ती स्लाईड पडद्यावर किती वेळ असते आठव, 'थँक्यू'च्या आधी क्षणभर दिसते आणि गेली. आणि समजा कुणी नीट वाचली तरी त्या यादीतला कुठला पेपर कुठल्या आकृतीचा हे त्यात कुठे लिहिलंय? यादी एवढंच सांगते की तुम्ही हे वाचलंय. अमुक वस्तू अमुक ठिकाणची आहे हे त्या वस्तूच्या अंगालाच लिहावं लागतं, त्याच स्लाईडवर, आकृतीच्या लगेच खाली, एका ओळीत. यादी ठेवाच शेवटी, त्या ओळीत जे छोटं नाव आणि साल दिलंय त्याचा पूर्ण पत्ता तिथे मिळतो, पण ती त्या ओळीच्या जागी चालत नाही.

आता ती ओळ कशी लिहायची ते तुमच्याच नलगोंडाच्या आकृतीवर बघू, कारण तिच्यात जवळजवळ सगळे घोळ एकदम सापडतात.

पाण्यातलं जास्तीचं फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने विकसित केली हे तुम्हाला माहीतच आहे, तुरटी आणि चुना पाण्यात टाकायचे, जोरात ढवळायचं, मग सावकाश ढवळून गुठळ्या होऊ द्यायच्या, खाली बसू द्यायच्या, वरचं पाणी गाळून घ्यायचं. आता बघ, हा जो क्रम आहे तो माहिती आहे, तो कुणाच्या मालकीचा नाही. पण पेपरात जे चित्र होतं, ती टाकी अमुक आकाराची, बाण असे, गाळाचा नळ तिथे, मापं अशी लिहिलेली, ते चित्र कुणीतरी बसून काढलेलं आहे. म्हणजे एकाच आकृतीत दोन श्रेय आहेत, पद्धत नीरीची आणि चित्र त्या लेखकांचं. मुलं बहुतेक वेळा यातलं एकच देतात, बहुतेक वेळा पद्धतीचं, स्लाईडच्या हेडिंगमध्ये 'नीरीची नलगोंडा पद्धत' लिहिलं की झालं असं वाटतं, आणि ज्याने चित्र काढलं तो तसाच राहतो.

चित्र तुम्ही कसं घेतलंत त्यावर ओळ ठरते. स्क्रीनशॉट काढून जसंच्या तसं चिकटवलं असेल तर 'आकृती: अमुक व इतर (साल), आकृती क्रमांक अमुक, यातून'. आकृतीचा क्रमांक द्यायचाच, नुसतं पेपरचं नाव देऊन भागत नाही, चाळीस पानांचा रिव्ह्यू पेपर असेल तर वाचणारा ती शोधणार कुठे? चित्र तेच ठेवून रंग बदलले, लेबलं मराठीत केली, एखादा भाग काढून टाकला, तर 'अमुक व इतर (साल), आकृती क्रमांक अमुक, यावरून. लेबलं मराठीत केली, मापं वगळली'. काय बदललं ते दोन-तीन शब्दांत सांगायचं, कारण नाहीतर तुमची चूक त्यांच्या नावावर जाते. इंग्रजी स्लाईड असेल तर पहिल्यासाठी `From` आणि दुसऱ्यासाठी `Adapted from` असं चालतं, एवढीच शब्दकळा लागते.

इथे एक गैरसमज खूप ठिकाणी दिसतो की पॉवरपॉइंटमध्ये शेप्स वापरून स्वतः परत काढली म्हणजे आकृती आपली झाली. होत नाही. टाकी, बाण, मांडणी सगळं त्यांचंच ठेवून फक्त रेघा तुम्ही ओढल्यात तर ते 'यावरून' मध्येच येतं. तुमची कधी होते? तुम्ही दोन-तीन ठिकाणी पद्धत वाचली, पुस्तकं बाजूला ठेवली, आणि आपल्या श्रोत्यांना काय दाखवायचंय ते ठरवून स्वतः मांडणी केली, समजा तुम्हाला गावातल्या घरात बादलीत हे कसं करता येईल तेवढंच दाखवायचंय, तर ती आकृती तुमची. तरीही पद्धतीची माहिती कुठून घेतली ते लिहायचं: 'आकृती: आमची, पद्धतीची माहिती: फॉवेल व इतर (2006), जागतिक आरोग्य संघटना'. हे पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडवरचं डब्ल्यूएचओचं पुस्तक तुमच्या विषयात सगळेच वापरतात म्हणून त्याचं उदाहरण दिलं, तुम्ही जे खरंच उघडून वाचलं असेल तेच लिहा.

हो, आणि ते 'खरंच उघडून वाचलं' महत्त्वाचं आहे. तुमच्या त्या पेपरातल्या आकृतीखालची बारीक अक्षरं परत जाऊन वाच. रिव्ह्यू पेपरातली आकृती पुष्कळदा त्यांचीही नसते, कॅप्शनच्या शेवटी लिहिलेलं असतं की अमुक संदर्भावरून घेतली, चौकोनी कंसात एक नंबर असतो. तो नंबर मागच्या यादीत बघायचा, मूळ पेपर मिळाला तर तो उघडायचा आणि मूळ लेखकांना श्रेय द्यायचं. नाही मिळाला तर खोटं लिहायचं नाही की मूळ पाहिलं, सरळ लिहायचं 'मूळ: अमुक (साल), अमुक व इतर (साल) यांच्या पेपरमधून'. ओळ थोडी लांब होते, होऊ दे. मूळ न बघता मूळचं नाव टाकलेलं लगेच पकडलं जातं, कारण मधल्या माणसाने आकृतीत काही बदल केलेला असतो आणि तुमच्या स्लाईडवर तो बदल असतो पण नाव मात्र मूळ लेखकाचं.

आता दातांचे फोटो. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण यात फक्त क्रेडिट चुकलेलं नाहीये.

तुमच्या पोस्टरवर काय झालंय ते लांब उभं राहून बघ. डावीकडे 'आमच्या गावातले नमुने' म्हणून आलेख, त्याच्या खाली तपकिरी डाग पडलेले दात. वाचणारा काय समजणार? की या गावातल्या मुलाचे हे दात आहेत. तुम्ही तसं कुठेही लिहिलेलं नाही, पण पोस्टरवर शेजारी ठेवणं म्हणजे सांगणंच असतं. आणि तो फोटो कदाचित आफ्रिकेतल्या एखाद्या देशातला असेल, किंवा फ्लोराइडचा नसून वेगळ्याच कारणाचा डाग असेल. म्हणजे बिननावाच्या फोटोने तुमच्या पोस्टरवर एक न तपासलेला पुरावा घुसवला. परीक्षकाने विचारलं की हा रुग्ण कोण, वय काय, परवानगी घेतली का, तर तुमच्याकडे काय उत्तर आहे? म्हणून रुग्णाच्या फोटोखाली 'डेंटल फ्लुरोसिसचं उदाहरण. आमच्या सर्वेक्षणातला नाही' असं स्पष्ट लिहायचं, मग फोटो कुणाचा ते. आणि खरं सांगू का, असा फोटो आलेखाजवळ ठेवूच नका, प्रस्तावनेत ठेवा.

फोटो कुणाचा हे शोधायचं कसं, तर 'स्रोत: गूगल' हे उत्तर नव्हे. गूगलने तो फोटो काढलेला नाही, त्याने फक्त दुकानाकडे बोट दाखवलं. पिंटरेस्ट, स्लाईडशेअर, कुणाचा तरी ब्लॉग यांचंही तसंच. स्लाईडवर फोटोवर राइट क्लिक करून तो वेगळा सेव्ह कर, गूगल लेन्सला दे, आणि जे निकाल येतील त्यात फोटोखाली कॅप्शन आणि नाव असलेलं पान शोध, एखादं जर्नल, हॉस्पिटल किंवा विकिमीडिया कॉमन्स. कॉमन्सवर असेल तर काम सोपं, त्या फोटोच्या पानावर लेखक आणि लायसन्स दोन्ही लिहिलेलं असतं. शोधूनही नाव सापडलं नाही तर फोटो काढून टाकायचा. 'सोर्स अननोन' लिहून ठेवू नका, दातांचे डाग दाखवायला नावानिशी मिळणारे फोटो पुष्कळ आहेत.

पॉवरपॉइंटमधूनच ऑनलाइन पिक्चर्स वापरून फोटो घेतला असेल तर त्याच्या खाली एक ओळ आपोआप येते:

```
This Photo by Unknown Author is licensed under CC BY-SA
```

ही ओळ ग्रुपमधलं कुणीतरी हमखास डिलीट करतं कारण ती दिसायला बरी नाही. डिलीट करायच्या आधी तिच्यातल्या पहिल्या दोन शब्दांवर क्लिक कर, ती लिंक असते, फोटो ज्या पानावरून आला तिथे जाते. 'अननोन' लिहिलंय याचा अर्थ लेखक अज्ञात आहे असा नाही, पॉवरपॉइंटला तो कळला नाही एवढाच, पानावर गेलं की बहुतेक वेळा नाव मिळतं. मग ती ओळ काढून आपली ओळ लिहायची: 'फोटो: अमुक, विकिमीडिया कॉमन्स, CC BY-SA 4.0, कडा कापली'. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या लायसन्समध्ये `BY` असेल तर नाव देणं ही अटच आहे, उपकार नाही, आणि लायसन्सचं नाव, पानाची लिंक आणि काय बदललं हेही सांगायचं असतं. लांबलचक लिंक फोटोखाली मावत नसेल तर ती शेवटच्या यादीत. `ND` दिसलं तर बदल करून तो पुढे वाटायचा नाही, म्हणजे लेबलं मराठीत करून पोस्टरवर लावणंही त्यात आलं, अशा वेळी जशीच्या तशी वापरा नाहीतर दुसरी शोधा.

आलेखांचं त्या मानाने सोपं आहे. दुसऱ्याने काढलेला आलेख चिकटवला तर आकृतीचाच नियम. पण भूजल मंडळाच्या अहवालातल्या तक्त्यातून आकडे घेऊन एक्सेलमध्ये आलेख तुम्ही काढलात तर 'आकडे: केंद्रीय भूजल मंडळ, अहवालाचं नाव, साल, तक्ता अमुक, आलेख: आमचा'. आणि जो पूर्ण तुमचा आहे त्याच्याखाली पण लिहा! इथेच सगळे चुकतात, आपलंच आहे तर कशाला लिहायचं म्हणतात. 'आमचं मापन, स्पॅडन्स पद्धत, मे महिना, गावातल्या बोअर' एवढी ओळ त्या आलेखाखाली असती तर परीक्षकांनी तो प्रश्न तुम्हाला विचारलाच नसता. पोस्टरवरच्या प्रत्येक चित्राखाली ओळ असली की ज्यात 'आमचं' लिहिलंय ते आपोआप उठून दिसतं.

बुलेट्सकडे येऊ. बुलेटमध्ये अवतरणचिन्ह देण्याची पद्धत आपल्याकडे नाही आणि त्यामुळे मुलांना वाटतं की बुलेट म्हणजे मोकळं रान. समजा पेपरात असं वाक्य आहे की ग्रॅनाइटसारख्या खडकांतल्या फ्लोराइडयुक्त खनिजांची झीज होऊन फ्लोराइड भूजलात मिसळतं आणि जिथे पाण्यात कॅल्शियम कमी आणि अल्कता जास्त तिथे त्याचं प्रमाण वाढतं. तुमच्या स्लाईडवर काय असतं? 'खनिजांची झीज', 'फ्लोराइड भूजलात मिसळते', 'कॅल्शियम कमी', 'अल्कता जास्त', 'प्रमाण वाढते'. क्रियापदं गाळली आणि ठिपके लावले, वाक्य त्यांचंच, क्रमही त्यांचाच. 'स्वतःच्या शब्दांत' हे झालं नाही.

यावर उपाय शब्द बदलत बसणं नाही, 'झीज' च्या जागी 'क्षरण' केलं की कॉपी जात नाही, उलट मराठी बिघडतं. स्वतःला विचारा की या स्लाईडवर मला काय म्हणायचंय. तुमच्याकडे बोअरचे आकडे आहेत ना, मग स्लाईडचं हेडिंग करा 'आमच्या बोअरमध्ये कॅल्शियम कमी तिथेच फ्लोराइड जास्त आहे का?', खाली एक ओळ, 'कॅल्शियम कमी असलेल्या पाण्यात फ्लोराइड टिकून राहतं (अमुक व इतर, साल)', आणि त्याखाली तुमच्या नमुन्यांचा आलेख. बाकीची झीजबीज तोंडाने सांगा. आता त्या पेपरने तुम्हाला जे दिलं ते एका ओळीत आलं, त्याचं नाव तिथल्या तिथे आलं, आणि स्लाईड तुमची झाली कारण प्रश्न तुमचा आहे. आणि आकडे तसे निघाले नाहीत तर तेही सांगा, ते जास्त ऐकलं जाईल.

एखादी व्याख्या शब्दशः लागतेच, एखाद्या मानकाचं वाक्य वगैरे, तर अवतरणचिन्हांत टाका आणि नाव द्या. पूर्ण सेमिनारमध्ये असं एखाद-दुसरं चालतं, प्रत्येक स्लाईडवर असेल तर तुम्ही वाचून दाखवताय असं होतं. आणि एखादी स्लाईड सगळीच एका ठिकाणाहून आली असेल, समजा आरोग्यावरच्या परिणामांची, तर प्रत्येक बुलेटला नाव चिकटवू नका, खाली एकच ओळ द्या की या स्लाईडवरची माहिती अमुकवर आधारित आहे.

तुझ्या मैत्रिणीच्या 10 टक्क्यांबद्दल. तो आकडा यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत आहे हे खरं, 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही असं तिथे आहे. पण ती नियमावली प्रबंध, डेझर्टेशन, शोधनिबंध अशा गोष्टींना लागते, असाइनमेंट, टर्म पेपर, कोर्सवर्क हे तिच्यात स्पष्टपणे वगळलेलं आहे, म्हणजे क्लासच्या सेमिनारला ती टक्केवारी लावताच येत नाही. तिथे तुमच्या सरांचं आणि कॉलेजचं म्हणणं चालतं. शिवाय ती टक्केवारी मजकुराच्या साम्याची आहे, चिकटवलेली आकृती त्या मोजणीत साधारणपणे येतच नाही. तुमच्या पूर्ण पीपीटीत एकच आकृती दुसऱ्याची असेल आणि तिच्यावर नाव नसेल तर टक्के किती का निघेनात, ती उचललेलीच. दुसरीकडे परवानगीची धास्तीही नको, वर्गात शिकताना-शिकवताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने काही वापरण्याला आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात, कलम 52 मध्ये, सवलत आहे. तेवढ्यासाठी प्रत्येक लेखकाला मेल करत बसायला लागत नाही. तेच पोस्टर नेटवर टाकलं किंवा कुठे छापून आलं की परवानगीचा प्रश्न वेगळा उभा राहतो, आणि नाव द्यायचं तर दोन्हीकडे लागतंच.

राहिलं टेम्प्लेट, आणि इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो.

एक म्हणजे डिझाइन, रंग, पार्श्वभूमी, आयकॉन. पॉवरपॉइंटमधल्या तयार थीमला काही लिहावं लागत नाही, कॉलेजने दिलेल्या टेम्प्लेटलाही नाही. स्लाइड्सगोसारख्या साइटवरून फुकट घेतलं असेल तर क्रेडिट द्यायची अट असते, म्हणूनच त्या फाइलच्या शेवटी क्रेडिट्सची स्लाईड तयार मिळते, ती न उडवता ठेवली की काम झालं. फ्लॅटआयकॉनचे फुकटचे आयकॉन वेगळे आणून चिकटवले तर त्यांचंही तसंच. बायोरेंडरमध्ये आकृती बनवली तर 'बायोरेंडरमध्ये बनवली' असं आकृतीखाली. पोस्टरला वेगळी क्रेडिट्स स्लाईड नसते त्यामुळे 'डिझाइन: स्लाइड्सगो, आयकॉन: फ्लॅटआयकॉन' अशी एक बारीक ओळ अगदी तळाला. डिझाइनसाठी एवढं पुरे, यावर परीक्षक मार्क कापत नाहीत.

दुसरं म्हणजे सिनियरचा पीपीटी, आणि तो टेम्प्लेट नाहीच. तिथे तुम्ही रंग घेतलेले नाहीत, स्लाईडचा क्रम घेतलाय, हेडिंगं घेतलीत, कुठले पेपर वाचायचे ते घेतलंय, बहुतेक बुलेट्सही. आणि त्या सिनियरने त्याच्या सिनियरकडून. मला अशी फाइल कशी ओळखू येते सांगू? तुमच्या विषयातल्या फाइलमध्ये पाण्याच्या मानकाच्या स्लाईडवर 'डिझायरेबल लिमिट 1.0, परमिसिबल लिमिट 1.5 मिलिग्रॅम प्रति लिटर' असं लिहिलेलं असतं. हा 'डिझायरेबल' शब्द आयएस 10500 च्या 1991 च्या आवृत्तीतला. 2012 च्या आवृत्तीत तो 'ॲक्सेप्टेबल लिमिट' झाला, आणि 1.5 हे दुसरा पाण्याचा स्रोतच नसेल तर चालवून घ्यायचं असं आहे. तेव्हा शेवटच्या यादीत 2012 आणि स्लाईडवर 1991 ची भाषा दिसली की मानक कुणी उघडलेलं नाही हे कळतं. तुझी फाइल उघडून ही एक स्लाईड आत्ता बघच.

सिनियरची फाइल बघणं चूक नाही, विषय कसा मांडतात ते त्यातूनच शिकतात. पण मग तिच्यातला प्रत्येक रेफरन्स तुम्ही उघडायचा, जो उघडला नाही तो यादीतून काढायचा, आणि मांडणी त्यांचीच राहिली असेल तर पहिल्या किंवा शेवटच्या स्लाईडवर लिहायचं, 'मांडणीचा आराखडा: आमच्या विभागातल्या मागील बॅचचं सेमिनार, साल'. नाव टाकायचं तर त्या दादा-ताईला आधी विचारून. असं लिहिल्याने मान खाली जात नाही, उलट परीक्षक विचारतात की मग तुम्ही त्यात भर काय घातली, आणि तुमच्याकडे त्याचं उत्तर आहे, बोअरचं पाणी.

पोस्टर छापायच्या आधी दोन व्यवहाराच्या गोष्टी. ती ओळ वाचता आली पाहिजे. स्लाईडवर आकृतीखाली 12 पॉइंटच्या आसपास, गडद राखाडी चालेल पण फिकट राखाडी प्रोजेक्टरवर नाहीशी होते. पोस्टरवर मुख्य मजकूर 24 असेल तर ही ओळ 16-18, हातभर अंतरावरून वाचता येईल अशी. क्यूआर कोड करून सगळे संदर्भ त्याच्यामागे लपवू नका, परीक्षण करताना कुणी फोन काढत नाही, क्यूआर पूर्ण यादीसाठी ठेवा. आणि फ्लेक्सवाल्याकडे फाइल देताना पीडीएफ द्या आणि प्रूफ बघा, कारण माप बसवताना तो खालची पट्टी कापतो आणि नेमकी तुमची तळाची ओळ तिथे असते. तिथेच कळेल की स्क्रीनशॉट काढलेली नलगोंडाची आकृती त्या मापावर फुटतेय, म्हणजे ती तशीही परत काढावी लागणार आहे.

चौघांत काम वाटलेलं असताना कुणी काय कुठून आणलं हे शेवटच्या रात्री कुणालाच आठवत नाही. त्यासाठी वेगळी वही नको, चित्र स्लाईडवर चिकटवलं की त्याच मिनिटाला खालच्या नोट्समध्ये लिंक आणि आकृतीचा नंबर टाकायचा, स्लाईड इकडची तिकडे गेली तरी नोट्स तिच्यासोबत जातात. आत्ता जुन्या फाइलसाठी मात्र चौघांनी एकत्र बसून एकेक स्लाईड उघडा, प्रत्येक चित्रापाशी विचारा की हे कुणी आणलं, ज्याला सांगता येईल त्याने लगेच ओळ टाइप करायची, ज्याला सांगता येणार नाही त्याने लेन्सवर शोधायचं, आणि तरीही नाही मिळालं तर चित्र गेलं. पुष्कळ चित्रं जातील बघ, जाऊ देत, पोस्टरवर जागा होईल आणि त्या जागेत बोअरचा आलेख मोठा करून मधोमध घ्या.

आणि मार्कांचं, सुधारलेला पीपीटी घेऊन सरांकडे जा, मार्क वाढवा म्हणायला नको, 'सर, प्रत्येक आकृतीखाली श्रेय टाकलंय, पोस्टर छापायच्या आधी एकदा नजर टाका' एवढंच म्हण. ते जिथे बोट ठेवतील ते छापण्याआधी कळलेलं बरं.